तीस, सव्वीस, दहा : ठराव कागदावर कसा चढवायचा
(कार्यकर्ता शिबिरात केलेली मांडणी)



सकाळच्या सत्रात दावा कसा भरायचा, पुरावे कोणते जोडायचे, वनहक्क समितीने मोक्यावर जाऊन पाहणी कशी करायची हे झालं. आता त्याच्या पुढची पायरी. समिती आपला अहवाल ग्रामसभेपुढे ठेवते, ग्रामसभा ठराव घेते आणि तो ठराव उपविभागीय समितीकडे जातो. तिथं आपण बोलायला नसतो. तिथं बोलतो तो कागद. सभेत काय घडलं ते त्या कागदावरच्या आठ-दहा ओळींवरूनच ठरतं. त्या ओळींवर आज आम्ही बोलणार आहोत.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपला बीड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. पेसा कायदा इथं लागू नाही. गडचिरोलीत मेंढा-लेखासारखं गाव आहे. तिथं सगळं गाव गोंडांचं, आणि निर्णय सर्वसहमतीनं घ्यायची रीत. एक माणूस जरी नाही म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीला ठेवतात. तिथं मतं मोजायची वेळच सहसा येत नाही. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर 2013 साली बारा गावांच्या ग्रामसभा झाल्या, बॉक्साइटच्या खाणीबद्दल. बाराच्या बारा गावांनी एकमुखानं खाण नाकारली. आपल्याकडं तसं नाही. आपली भिल्लांची, पारध्यांची, ठाकरांची वस्ती म्हणजे मोठ्या गावाच्या कडेची पंधरा-वीस घरं. सभेत आपल्या बाजूनं बोलणारे असतात, विरोध करणारे असतात, आणि मान खाली घालून बसणारेही असतात. म्हणून आपल्याला मोजायला शिकावंच लागतं. मेंढ्याची रीत चांगली आहे, पण ती जशीच्या तशी आपल्या सभेवर टाकली तर एका विरोधकाच्या हातात सगळ्यांचा दावा जाईल.

नियमगिरीची एक गोष्ट मात्र आपल्या कामाची आहे. 18 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला तेव्हा नुसतं 'ग्रामसभा घ्या' असं म्हणून सोडलं नाही. सभेला जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अधिकारी निरीक्षक म्हणून बसेल, सभा कुणाच्याही दबावाशिवाय झाली हे तो प्रमाणित करेल आणि इतिवृत्तावर सही करेल, असं सांगितलं. म्हणजे कोर्टानं लोकांच्या तोंडच्या शब्दाला जेवढं वजन दिलं तेवढंच इतिवृत्तालाही दिलं. आपल्या सभेला न्यायाधीश येणार नाही. आपलं इतिवृत्त आपणच सांभाळायचं.

आता नियम बघू. वनहक्क कायद्याखालच्या नियमांत, म्हणजे 2008 च्या आणि 2012 ला दुरुस्त झालेल्या नियमांत, नियम 4 मध्ये चार अटी आहेत. ग्रामसभेच्या एकूण सदस्यांपैकी निम्मे तरी हजर पाहिजेत. हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. दाव्यांवर ठराव असेल तर दावेदारांपैकी, किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी, निम्मे तरी हजर पाहिजेत. आणि ठराव पास होतो तो हजर राहून मत देणाऱ्यांच्या साध्या बहुमतानं. हे शेवटचे शब्द दोनदा वाचा. हजर राहून, आणि मत देणाऱ्यांच्या.

पंचायतीच्या रोजच्या ग्रामसभेशी याची गल्लत करू नका. तिथं मतदारांचे पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यातला जो आकडा कमी तो चालतो. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. वनहक्काच्या सभेला ही सवलत नाही. म्हणून 26 जानेवारीच्या सभेत 'चला, दावेही उरकून घेऊ' असं कुणी म्हटलं तर आधी गावात माणसं किती आहेत ते बघा. दिवाळीनंतर आपली निम्मी घरं ऊसतोडीला कारखान्यावर असतात. कोप्यांत राहणारा माणूस सदस्य म्हणून मोजला जातो, हजर म्हणून नाही. निम्म्याची अट त्याच्यामुळं वाढते आणि भरायला तो नसतो. टोळ्या परत आल्यावर सभा लावलेली बरी.

आता एक सभा आकड्यांनिशी घेऊ. हे गाव आम्ही समजावण्यापुरतं धरलंय, कुणी आपलं म्हणून ओढून घेऊ नये.

समजा गावात 120 प्रौढ सदस्य. गणपूर्ती 60. सभेला आले 66. एक तृतीयांश म्हणजे 22, बाया आल्या 24. दावेदार 14, त्यातले 9 हजर, निम्मे म्हणजे 7 लागतात. सगळ्या अटी बसल्या. हे सगळे आकडे इतिवृत्ताच्या सुरुवातीलाच लिहायचे. 'गणपूर्ती झाली' एवढं लिहून चालत नाही. गणपूर्ती झाली की नाही हे वाचणाऱ्याला स्वतः मोजता आलं पाहिजे.

चौदा दाव्यांतले तेरा दावे सरळ आहेत, कुणाची हरकत नाही. चौदावा एका विधवा बाईचा. तिच्या तुकड्याच्या कडेनं गुरांची वाट जाते आणि गावातल्या काही जणांचं म्हणणं आहे की वाटेचा थोडा भाग तिनं धरलाय. समितीनं मोजून सांगितलं की वाट बाहेर आहे. तरी वाद आहेच.

इथं पहिलं काम: चौदा दाव्यांचा एकच ठराव करू नका. एका गाठोड्यात बांधले तर चौदाव्यावरच्या विरोधानं तेराही बुडतील. नाहीतर उलटं होईल, तेरांच्या ओघात चौदावाही 'सर्वानुमते' म्हणून लिहिला जाईल आणि उद्या विरोध करणारा उपविभागीय समितीपुढं उभा राहून सांगेल की मी तर हात वर केला होता, कागद खोटा आहे. मग तेरा दाव्यांचा कागदही संशयात. प्रत्येक दाव्याला वेगळा ठराव क्रमांक, वेगळी मतमोजणी.

दुसरं, मत घेण्याआधी प्रस्तावाचे शब्द पक्के करा. 'दाव्याबद्दल चर्चा झाली व मान्यता द्यावी' हे पक्कं नाही. कुणाचा दावा, अर्ज क्रमांक काय, गट किंवा कक्ष क्रमांक काय, क्षेत्र किती, समितीच्या कोणत्या तारखेच्या पाहणीवर आधारून, आणि सभा काय करते आहे, दाव्याची शिफारस करते आहे की नामंजूर करते आहे. हे लिहून मोठ्यानं वाचायचं. मागं बसलेल्या बायांना ऐकू गेलं का विचारायचं. मग सूचक उभा राहतो, म्हणतो, हा प्रस्ताव मी मांडतो. अनुमोदक उभा राहतो, म्हणतो, माझा पाठिंबा आहे. दोघांची पूर्ण नावं, बाप किंवा नवऱ्याच्या नावासकट. आपल्या गावांत एकाच नावाची तीन-तीन माणसं असतात.

वनहक्काच्या नियमात सूचक-अनुमोदक लिहाच असं म्हटलेलं नाही, मग कशाला लिहायचं असं काही साथी विचारतात. कारण असं आहे. शब्दांची जबाबदारी सूचकावर असते. उद्या वाद झाला की 'असा ठराव कुणी मांडलाच नव्हता', तर सांगायला एक माणूस लागतो. आणि अनुमोदक असला म्हणजे हे म्हणणं एकट्याचं नव्हतं हे कळतं. शक्य असेल तर अनुमोदक दुसऱ्या घरचा, दुसऱ्या जातीचा घ्या. दावेदार सूचक आणि तिचाच भाऊ अनुमोदक यात चूक काही नाही, पण वाचणाऱ्याच्या मनात शंका येते. आम्ही पाहिलेल्या काही वह्यांमध्ये वर्षभराच्या सगळ्या ठरावांना तीच दोन नावं आहेत, सूचक तोच, अनुमोदक तोच. असं दिसलं की समजावं, लिहिणारा घरी बसून लिहितोय. अनुमोदक मिळालाच नाही तर तेही लिहा: प्रस्ताव मांडला, अनुमोदन मिळालं नाही, म्हणून मतास टाकला नाही.

चर्चेत कुणी दुरुस्ती सुचवली, समजा 'वाटेसाठी दहा फूट सोडून' असे शब्द घालावेत, तर त्या दुरुस्तीलाही सूचक, अनुमोदक आणि मत. आधी दुरुस्तीवर मत, मग जो प्रस्ताव उरेल त्याच्यावर. दोन्हीचे आकडे वेगळे लिहायचे.

आता मोजणी. हात वर करून. मोजणारे दोन, एक बाई एक बाप्या, एक आपल्या बाजूचा आणि एक विरोधातला असेल तर लई चांगलं. तीन वेळा विचारायचं. बाजूनं कोण? विरोधात कोण? तटस्थ कोण? तिसरा प्रश्न बहुतेक सभांत विचारतच नाहीत, आणि सगळा घोळ तिथं होतो.

आपल्या सभेत आलं असं: बाजूनं 30, विरोधात 26, तटस्थ 10. बेरीज 66. हजर 66. जुळलं.

ठराव पास झाला का?

एक जण म्हणेल, 66 चे निम्मे 33, बाजूनं तर 30 च, म्हणजे नापास. हे चुकीचं आहे. नियम म्हणतो, मत देणाऱ्यांच्या बहुमतानं. तटस्थ माणूस हजर आहे, पण त्यानं मत दिलेलं नाही. मत देणारे 30 आणि 26, मिळून 56. त्याचे निम्मे 28. 29 मिळाले की बहुमत. 30 मिळाले. ठराव पास.

आता हाच कागद दोन प्रकारे लिहून बघा. एक: 'हजर 66, ठरावाच्या बाजूने 30, ठराव मंजूर.' तालुक्याला बसलेला कारकून हे वाचेल, 66 मधून 30 वजा करेल, 36 विरोधात असं धरेल आणि शेरा मारेल की बहुमत नाही. त्याला दोष तरी कसा द्यायचा, कागदच तसं सांगतोय. दुसरा: 'हजर 66, बाजूने 30, विरोधात 26, तटस्थ 10, मतदान करणारे 56, ठराव बहुमताने मंजूर.' इथं वजाबाकी करायला जागाच नाही. त्या बाईचा तुकडा टिकतो की जातो हे त्या 'तटस्थ 10' वर आहे.

तटस्थ माणूस प्रत्येक ठिकाणी असाच बाजूला निघतो असं मात्र समजू नका. आपल्या बायांना आडवी बाटली माहिती आहे. दारूचं दुकान बंद करायच्या मतदानात गावातल्या एकूण मतदार बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. मत द्यायला आलेल्यांपैकी नाही, एकूण बायांपैकी. समजा 400 मतदार बाया. आडव्या बाटलीला 190 मतं, उभ्या बाटलीला 20. तरी दुकान चालूच राहतं, कारण 201 लागतात. तिथं घरी बसलेली बाई उभ्या बाटलीलाच मत देऊन जाते. वनहक्काच्या ठरावात तटस्थ बाई कुणालाच मत देत नाही. दोन्हीकडं ती गप्पच आहे, पण भागाकार कशानं करायचा ते बदललं की तिच्या गप्प बसण्याचा अर्थ बदलतो. म्हणून कोणत्याही मतदानाआधी पहिला प्रश्न हाच: निम्मे, पण कशाचे निम्मे? सदस्यांचे, हजर असलेल्यांचे, का मत देणाऱ्यांचे?

तटस्थ राहणाऱ्याला कुणी हिणवू नये, हेही सांगून ठेवतो. त्या दहा जणांत कुणी त्या बाईचा दीर असेल, कुणी विरोध करणाऱ्याच्या शेतावर सालाला असेल. त्याला विरोधात हात वर करायचा नाही आणि बाजूनं करायची सोय नाही. त्याला तटस्थ म्हणून हात वर करायची जागा दिली नाही तर तो सभेतून उठून जाईल, आणि त्याच्या जाण्यानं गणपूर्ती मोडू शकते. आपल्या सभेत 66 होते. सात जण उठून गेले तर राहिले 59, आणि लागतात 60. बसून तटस्थ राहिला तर सभा टिकते. म्हणूनच हजेरीचा आकडा आणि मतदानाच्या वेळचा आकडा हे दोन वेगळे असू शकतात हे लक्षात ठेवा. सकाळी सही करून गेलेला माणूस मतदानाला हजर धरायचा नाही. मतदानाआधी डोकी पुन्हा मोजायची आणि 'मतदानावेळी हजर' अशी ओळ वेगळी लिहायची. तीन आकड्यांची बेरीज या ओळीशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर कुणीतरी तिन्ही वेळा हात खालीच ठेवलाय, नाहीतर दोनदा वर केलाय. पुन्हा मोजा. दोन माणसांचा फरक असेल तर अंदाजानं भरून टाकू नका.

आता निकाल कोणत्या शब्दांत लिहायचा. 'सर्वानुमते मंजूर' हा शब्द आपल्याकडं मिठासारखा सगळ्यात घालतात. सर्वानुमते म्हणजे सगळ्यांनी बाजूनं मत दिलं. विरोध एकाचाही नाही पण चार जण तटस्थ राहिले, तर ते सर्वानुमते नाही. 'विरोधाशिवाय मंजूर, तटस्थ 4' असं लिहा. एकानंही विरोध केला तर 'बहुमताने मंजूर' आणि आकडे. आपल्या तेरा सरळ दाव्यांपुढंही आकडे लिहा. खरोखर सगळे हात वर असतील तर 'बाजूने 66, विरोधात 0, तटस्थ 0, सर्वानुमते मंजूर'. खरं सर्वानुमत आकड्यानं कमी होत नाही. नियमगिरीच्या बारा गावांचं एकमत टिकलं ते प्रत्येक सभेची वेगळी नोंद आणि त्यावर निरीक्षकाची सही होती म्हणून. पुढं जानेवारी 2014 मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्यानं खाणीला परवानगी नाकारली.

मतं सारखी पडली तर? 28 विरुद्ध 28. सारखी मतं म्हणजे बहुमत नाही, ठराव पास होत नाही. पंचायतीच्या बैठकीत अध्यक्षाला जादा मत असतं म्हणून इथंही कुणी ते टाकू बघेल. वनहक्काच्या त्या नियमात अध्यक्षाच्या जादा मताचा शब्द नाही.

आणि ठराव पडला तर? इथं आपले कार्यकर्ते मोठी चूक करतात. पडलेला ठराव लिहीतच नाहीत. 'आपली हार कशाला कागदावर' असं वाटतं. समजा त्या बाईच्या दाव्याला बाजूनं 24, विरोधात 32, तटस्थ 10 पडले. मग लिहायचं: '24 विरुद्ध 32 मतांनी फेटाळला, तटस्थ 10'. कायद्याच्या कलम 6 मध्ये ग्रामसभेच्या ठरावानं ज्याचं नुकसान झालं त्याला उपविभागीय समितीकडं दाद मागता येते, ठरावाच्या तारखेपासून 60 दिवसांत. ठरावच लिहिला नाही तर तारीख नाही, आणि दाद कशावर मागायची? ती बाई म्हणेल माझा दावा फेटाळला, वही म्हणेल असं काही झालंच नाही. तिचा दावा फेटाळलेलाही नाही आणि मंजूरही नाही, नुसता पडून. फेटाळताना सभेत काय कारण सांगितलं गेलं, तेही दोन ओळींत लिहा. गुरांच्या वाटेचं कारण होतं हे लिहिलं असेल तर ती समितीच्या पाहणीचा नकाशा घेऊन त्याच कारणाला उत्तर देऊ शकते. आणि 'दावा मंजूर करावा' हा प्रस्ताव पडला म्हणजे 'जमिनीवर अतिक्रमण आहे, काढून टाका' असा ठराव पास झाला असं होत नाही. तसं लिहायला कुणी लागला तर थांबवा. जो प्रस्ताव वाचला तोच पडला, त्याच्या पलीकडं सभेनं काही ठरवलेलं नाही.

आमच्या त्या सभेचा ठराव पूर्ण लिहिला तर असा दिसेल:

ठराव क्रमांक 14. विषय: वनहक्क दावा, अर्ज क्रमांक ..., दावेदार ..., गट क्रमांक ..., क्षेत्र ...
प्रस्ताव: वनहक्क समितीच्या दिनांक ... च्या पाहणी अहवालानुसार वरील दाव्याची ही ग्रामसभा शिफारस करते.
सूचक: (पूर्ण नाव). अनुमोदक: (पूर्ण नाव).
ग्रामसभेचे एकूण सदस्य 120. मतदानावेळी हजर 66, त्यात महिला 24. एकूण दावेदार 14, हजर 9.
बाजूने 30 (तीस). विरोधात 26 (सव्वीस). तटस्थ 10 (दहा). मतदान करणारे 56 (छप्पन्न).
निकाल: ठराव 30 विरुद्ध 26 मतांनी, बहुमताने मंजूर.
मोजणी करणाऱ्यांच्या सह्या.

आकडे अक्षरातही लिहायचे, कारण 30 च्या पुढं एक रेघ ओढली की 130 होतात, आणि 26 चे 20 करायला एक थेंब शाई पुरते.

हा ठराव सभा बसलेली असतानाच वहीत चढवायचा आणि वाचून दाखवायचा. आधी हजेरीच्या सह्या घेऊन 'मजकूर मागनं लिहितो' असं कुणीही म्हटलं, तो आपला माणूस असला तरी, सही द्यायची नाही, अंगठाही नाही. कोऱ्या पानावरच्या अंगठ्यांच्या वर काय लिहिलं जाईल ते आपल्याला कळणार नाही. अशी पानं ओळखता येतात. मजकूर सह्यांना टेकण्यासाठी शेवटच्या ओळी एकदम बारीक आणि दाटीच्या होतात, नाहीतर उलट, पान भरायला अक्षरं मोठी केलेली असतात. मजकूर संपला की लगेच खाली आडवी रेघ मारायची आणि त्या रेघेखाली सह्या, अंगठे. खाडाखोड झाली तर त्याच्याशेजारी अध्यक्षाची छोटी सही.

यातलं काही राहून गेलं तरी घाबरून जायचं नाही. नियम 12-अ मध्ये असं आहे की ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर वरच्या समितीनं दावा फेटाळायचा नाही, फेरविचारासाठी ग्रामसभेकडं परत पाठवायचा. म्हणजे 'तटस्थ लिहिले नाहीत, म्हणून दावा नामंजूर' असा शेरा आला तर तो नियमाला धरून नाही, आणि आपण तसं लेखी कळवू शकतो. पण परत आलेला कागद म्हणजे पुन्हा सभा, पुन्हा निम्मी माणसं गोळा करणं, आणि तोवर टोळ्या कारखान्यावर गेलेल्या असतात. एक साल गेलं.

वही कुणाकडं राहते हे प्रत्येक गावानं सांगावं. ग्रामसेवकाकडं राहत असेल तर सभा उठायच्या आत त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा, तारखेसकट, आणि चार-आठ दिवसांत पंचायतीकडं सही-शिक्क्याची नक्कल लेखी मागा. अर्जाची पोच घ्या. नक्कल मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, 30 दिवसांची मुदत.

आता जेवायच्या आधी आपण इथंच एक मतदान घेऊ. विषय तुम्हीच निवडा, पण वाद असलेला निवडा. मोजणारे दोघं पुढं या, वही त्या कोपऱ्यातल्या ताईंकडं द्या, आणि तटस्थ कोण हे विचारल्यावर हात लपवू नका.